बाळाला अर्धी गोळी द्यायची म्हणजे नेमकं किती? पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचं साधं गणित

जून-जुलै महिना. नांदगावात पहिला पाऊस पडून गेलाय. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या या तालुक्यात, मनमाड धरून, नळाला रोज पाणी येईलच असं नाही. त्यामुळे घरोघरी पिंपात, टाकीत पाणी साठवलेलं असतं. उन्हाळ्याच्या शेवटी तळाला गेलेलं पाणी आणि त्यात मिसळणारं पावसाचं गढूळ पाणी, या दिवसांत लहान मुलांना जुलाब होण्याचं हे एक नेहमीचं कारण.

समजा, अशाच एका घरात चार महिन्यांच्या बाळाला जुलाब सुरू झालेत. आशाताई घरी येतात, बाळाला तपासतात, ओआरएसची पाकिटं देतात. सोबत गोळ्यांची एक पट्टीही देतात आणि सांगतात, "रोज अर्धी गोळी, आईच्या दुधात विरघळवून. चौदा दिवस. जुलाब थांबले तरी बंद करायची नाही."

सूचना अगदी स्पष्ट आहे. पण आशाताई गेल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. अर्धी गोळी करायची कशी? नखाने तोडली तर एक तुकडा मोठा, एक लहान. सुरीने कापली तर भुगा. मग कुणीतरी सांगतं, "अख्खी गोळी विरघळव आणि त्यातलं अर्धं पाज." बरं, पण अर्धं म्हणजे किती?

याच 'अर्ध्या'बद्दल आज समजून घेऊ.

ही गोळी वेगळी का असते?

या गोळीला डिस्पर्सिबल टॅब्लेट म्हणतात. मेडिकलच्या दुकानात तिला थोडक्यात 'डीटी' म्हणतात. थोड्या पाण्यात टाकली की ती आपोआप फुलते, फुटते आणि तिचे बारीक कण पाण्यात पसरतात. कुटायची गरज नाही, चावायची गरज नाही. इंडियन फार्माकोपिया म्हणजे आपल्याकडच्या औषधांच्या दर्जाचे नियम सांगणारा ग्रंथ. त्यानुसार अशी गोळी पाण्यात तीन मिनिटांच्या आत फुटली पाहिजे. जुलाबासाठीची झिंकची चांगली गोळी तर साधारण मिनिटभरातच फुटते.

मुलांसाठी सिरप असताना गोळी कशाला, असं वाटू शकतं. पण सिरपची बाटली जड असते, फुटते, आणि एकदा उघडली की तिचे दिवस मोजावे लागतात. गोळीची पट्टी आशाताईंच्या पिशवीत महिनोन्महिने राहू शकते आणि प्रत्येक गोळी आपापल्या कप्प्यात बंद असते. शिवाय प्रत्येक गोळीत किती औषध आहे हे ठरलेलं असतं. झिंकच्या पट्टीवर 'एलिमेंटल झिंक २० मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असतं. त्याच ओळीत झिंक सल्फेट असं क्षाराचं नावही असतं. पण डोस मोजायचा तो या २० च्या आकड्यावरून.

आपल्याकडच्या सरकारी आरोग्य कार्यक्रमात जुलाब झालेल्या मुलांसाठी झिंकचं प्रमाण असं आहे: दोन महिने ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी. दोघांनाही १४ दिवस. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला जुलाब झाले तर घरी गोळी देत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

आधी हा एक फरक लक्षात घ्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: अख्खी गोळी द्यायची असेल तेव्हा पाणी मोजायची गरज नसते. गोळीचा भाग द्यायचा असेल तेव्हा मात्र पाणी हेच माप असतं.

अख्ख्या गोळीचं उदाहरण घ्या. दोन वर्षांच्या मुलाला झिंकची पूर्ण गोळी द्यायची आहे. ती एका चमच्यात विरघळवली काय किंवा दोन चमच्यांत, मुलाने सगळं प्यायलं की २० मिलिग्रॅम पोटात गेलं. इथे चूक होते ती वेगळ्याच ठिकाणी. वाटीच्या तळाशी आणि चमच्याला पांढरा थर चिकटून राहतो आणि आपण वाटी धुवायला टाकतो. म्हणून अख्खी गोळी देताना वाटीत परत चमचाभर पाणी घालून ती विसळायची आणि तेही मुलाला पाजायचं.

आता अर्धी गोळी बघा. अख्खी गोळी १० मिली दुधात विरघळवली तर त्या १० मिलीत २० मिलिग्रॅम झिंक आहे. म्हणजे प्रत्येक मिलीत २ मिलिग्रॅम. बाळाला १० मिलिग्रॅम हवंय, म्हणजे ५ मिली द्यायचं आणि उरलेलं ५ मिली टाकून द्यायचं. सोपं आहे. पण दूध १० ऐवजी ८ मिलीच घेतलं गेलं आणि त्यातलं ५ मिली बाळाला दिलं तर? बाळाला मिळालं साडेबारा मिलिग्रॅम. दूध १५ मिली झालं आणि दिलं ५ मिलीच, तर मिळालं सात मिलिग्रॅमपेक्षाही कमी. गोळी तीच, दिलेलं दूधही ५ मिलीच, पण डोस जवळपास दुप्पट-निम्मा झाला.

आणि हो, इथे वाटी विसळून पाजायची नाही. अख्ख्या गोळीच्या वेळी जी चांगली सवय, तीच भाग देताना चूक ठरते. कारण वाटीला चिकटलेलं औषध हे टाकून द्यायच्या हिश्श्यातलं असतं.

(मिली आणि मिलिग्रॅम यांत गोंधळ होऊ देऊ नका. मिली हे पाण्याचं, दुधाचं माप. मिलिग्रॅम हे औषधाचं वजन. सिरिंजवर असतात ते मिली.)

चार महिन्यांच्या बाळाचा डोस: पायरी-पायरीने

यासाठी लागते १० मिलीची एक नवी सिरिंज. मेडिकलमध्ये सहज मिळते. सुई घरी आणायचीच नाही, दुकानातच काढून ठेवायला सांगा. सिरिंजच्या टोकावर छोटं टोपण असेल तर तेही काढून टाका. बाळाच्या तोंडाजवळ सुटं टोपण असणं धोक्याचं आहे.

१. हात साबणाने धुवा. दोन छोट्या वाट्या आणि सिरिंज स्वच्छ धुऊन कोरड्या करा.

२. एका वाटीत आईचं दूध पिळून काढा, साधारण तीन चमचे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाण्याऐवजी आईचं दूधच सांगितलं जातं. या वयात बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं आणि साठवलेल्या पाण्याची खात्रीही नसते.

३. सिरिंजमध्ये दूध १० मिलीच्या खुणेपर्यंत ओढा. सिरिंज टोक वर करून धरा, टिचकी मारा, हवेचा बुडबुडा वर आला की तो बाहेर ढकला आणि पुन्हा १० पर्यंत भरा. दुधात फेस लवकर होतो, त्यामुळे ही पायरी सोडू नका. बुडबुडा म्हणजे न मिळालेलं दूध. माप वाचताना दट्ट्याच्या काळ्या रबराची टोकाकडची कड खुणेवर आहे ना, हे बघायचं. रबराचा मधला भाग किंवा मागची कड नाही.

४. हे १० मिली दूध दुसऱ्या, कोरड्या वाटीत सोडा आणि त्यात एक अख्खी गोळी टाका. मिनिटभर थांबा. वाटी हलवत राहा. गुठळी दिसली तर चमच्याच्या मागच्या बाजूने हलकेच दाबा.

५. सगळीकडे सारखं गढूळ दिसू लागलं की परत एकदा ढवळा आणि लगेच सिरिंजमध्ये ५ मिली ओढा. ढवळून झाल्यावर वाटी बाजूला ठेवून बाळाला उचलायला जायचं नाही. बाळ आधी मांडीवर घ्या, मग ढवळा.

६. बाळाला थोडं उठतं धरा. सिरिंजचं टोक जिभेवर सरळ घशाकडे नाही, तर गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं-थोडं सोडा. बाळाने गिळलं की पुढचं.

७. वाटीत उरलेलं टाकून द्या. उद्यासाठी झाकून ठेवायचं नाही. दुधात किंवा पाण्यात मिसळलेली गोळी टिकत नाही आणि उन्हाळी-पावसाळी हवेत त्यात जंतू वाढायला वेळ लागत नाही.

आता बाळ ५ मिली एका वेळी घेत नसेल तर? मग सगळंच कमी करायचं. ५ मिलीची सिरिंज घ्यायची, गोळी ४ मिली दुधात विरघळवायची आणि त्यातलं २ मिली द्यायचं. इथे एक बारकावा आहे. ५ मिलीच्या सिरिंजवर खुणा सहसा ०.२ मिलीच्या अंतराने असतात. त्यामुळे 'पाच मिलीत विरघळवून अडीच मिली द्या' असं करायला गेलं तर अडीचची खूणच सापडत नाही, ती २.४ आणि २.६ च्या मध्ये येते. चार आणि दोनच्या खुणा मात्र ठळक असतात. एकूण दूध किती घ्यायचं हे आपण ठरवू शकतो, तर खूण सापडेल असाच आकडा निवडायचा.

सिरिंज नसेल तर? चमचा चालतो का?

चालतो, पण एका अटीवर. मोजायचा आणि पाजायचा चमचा एकच हवा.

घरातले चमचे सारखे नसतात. चहाचा एक चमचा तीन मिलीचा असतो, तर दुसरा सहा मिलीचा. पण अर्ध्या गोळीसाठी चमचा किती मिलीचा आहे याने फारसा फरक पडत नाही. कारण आपल्याला हवा आहे तो अर्धा भाग. एकाच चमच्याने काठोकाठ दोन चमचे दूध घ्या, गोळी विरघळवा, ढवळा आणि त्याच चमच्याने काठोकाठ एक चमचा पाजा. चमचा लहान असो वा मोठा, दोनातला एक म्हणजे अर्धाच.

गडबड कुठे होते बघा. दूध मोजलं आमटीच्या मोठ्या चमच्याने, समजा ८ मिलीचे दोन चमचे, म्हणजे १६ मिली. आणि पाजलं बाळाच्या छोट्या चमच्याने, ४ मिलीचा एक चमचा. बाळाला मिळाला १६ मधला ४, म्हणजे पाव गोळी. घरच्यांना मात्र वाटतं, 'दोन चमच्यांतला एक दिला, अर्धी झाली.' एका दिवसाची चूक नाही ही. रोज तीच पद्धत, म्हणजे चौदाही दिवस पाव गोळीच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गोळी थेट दुधाच्या बाटलीत किंवा पेलाभर ओआरएसमध्ये टाकणं. झिंक ओआरएसमध्ये विरघळवलं तर बिघडतं असं नाही. पण मूल आजारी आहे, ते पेला पूर्ण संपवेल याची खात्री नाही. अर्धा पेला उरला की किती औषध पोटात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून औषध नेहमी थोड्या द्रवात. ओआरएस वेगळं, त्याच्या हिशेबाने. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खं पाकीट, आणि प्रत्येक जुलाबानंतर.

मग मधल्या रेघेवर तोडू नये का?

तोडता येते. झिंकच्या गोळीवर मधोमध रेघ असेल तर ती त्यासाठीच आहे. युरोपच्या फार्माकोपियात रेघेच्या गोळ्यांसाठी एक चाचणीच आहे. तीस गोळ्या तोडायच्या आणि प्रत्येकीचा एक-एक अर्धा तुकडा वजन करून बघायचा. सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांच्या बाहेर एकापेक्षा जास्त तुकडे गेले तर गोळी नापास. म्हणजे चांगल्या गोळीचाही 'अर्धा' तुकडा अगदी तंतोतंत अर्धा असेल असं नाही, आणि झिंकसारख्या औषधात एवढ्या फरकाने बाळाचं काही बिघडत नाही.

अडचण येते ती गोळीच्या स्वभावामुळे. पाण्यात चटकन फुटावी म्हणून ही गोळी मुळातच ठिसूळ केलेली असते. पट्टीतून अंगठ्याने दाबून काढतानाच तिचा कोपरा उडतो. आणि पावसाळी दमट हवेत उघडा ठेवलेला अर्धा तुकडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, फुगतो, त्याचा भुगा होतो. रेघ नसलेली गोळी किंवा पाव गोळी द्यायची असेल तर तोडणं म्हणजे निव्वळ अंदाज. तिथे मापाने विरघळवणंच बरं.

पण विरघळवण्याच्या पद्धतीत एक व्यावहारिक मेख आहे आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. रोज अख्खी गोळी विरघळवून अर्धी टाकून द्यायची म्हणजे १४ दिवसांना १४ गोळ्या लागतात. तोडून दिली तर सात पुरतात. आशाताईंनी अर्ध्या गोळीच्या हिशेबाने सातच गोळ्या दिल्या असतील आणि तुम्ही घरी विरघळवण्याची पद्धत सुरू केली, तर आठव्या दिवशी पट्टी रिकामी. तोवर जुलाबही थांबलेले असतात. मग 'बाळ आता बरं आहे' म्हणून विषय तिथेच संपतो.

आणि झिंकचं निम्मं काम तर पुढच्या दिवसांतच असतं. जुलाबात शरीरातलं झिंक निघून जातं, ते भरून काढायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये मिळून जी शिफारस केली, तिच्यात १० ते १४ दिवसांचा कोर्स यासाठीच होता. पूर्ण कोर्स झाला तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब होण्याची शक्यताही कमी होते, असं तिच्यात म्हटलं होतं. जुलैत जुलाब झालेल्या बाळासाठी हे पुढचे दोन-तीन महिने म्हणजे उरलेला सगळा पावसाळा.

म्हणून गोळ्या हातात घेतानाच मोजा आणि विचारा, "आम्ही विरघळवून देणार आहोत, चौदा मिळतील का?" मिळाल्या नाहीत, तर रेघेवर तोडा. अर्धा तुकडा ४ किंवा ५ मिली दुधात विरघळवून सगळाच पाजा, वाटी विसळून. कारण आता आपण भाग मोजत नाही, तुकडा अख्खा देतोय. उरलेला तुकडा छोट्या कोरड्या डबीत घट्ट झाकून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी वापरा. तुटताना भुगा झाला तर त्या दिवशी भुग्यासकट अख्खी गोळी १० मिलीत विरघळवून ५ मिली द्या.

'विरघळली' म्हणजे खरंच विरघळली?

मीठ पाण्यात विरघळतं आणि पीठ पाण्यात पसरतं. या दोन्हींत फरक आहे. मिठाचं पाणी तासभर ठेवलं तरी वरचा घोट आणि खालचा घोट सारखाच खारट लागतो. पिठाचं पाणी पाच मिनिटं ठेवलं तर वर पाणी, खाली साका.

डिस्पर्सिबल गोळी फुटते, पण तिच्यातलं औषध मिठासारखं वागेल की पिठासारखं, हे त्या औषधावर अवलंबून असतं. झिंक सल्फेट मिठासारखं आहे, पाण्यात चांगलं विरघळतं. खाली बसणारा पांढरा साका बहुतेक गोळीतल्या इतर भरीव पदार्थांचा असतो. त्यामुळे झिंकच्या बाबतीत थोडी ढिलाई झाली तरी खपून जाते.

अमोक्सिसिलिनचं तसं नाही. हे मुलांना न्यूमोनियात वगैरे दिलं जाणारं अँटिबायोटिक. समजा, डॉक्टरांनी एका बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम लिहून दिलंय आणि दुकानात मिळाली २५० मिलिग्रॅमची डिस्पर्सिबल गोळी. डॉक्टरांनी सांगितलं, "दहा मिलीत विरघळवून सहा मिली द्या." गणित बरोबर आहे. २५० भागिले १० म्हणजे प्रत्येक मिलीत २५, आणि सहा मिलीत १५०. पण २५० मिलिग्रॅम अमोक्सिसिलिन एवढ्याशा पाण्यात पूर्ण विरघळत नाही. बरंचसं औषध बारीक कणांच्या रूपात नुसतं तरंगत असतं आणि थोड्या वेळात तळाला बसतं.

आता वाटी पाच मिनिटं तशीच राहिली आणि मग वरवरचं सहा मिली ओढलं, तर बाळाला १५० पेक्षा बरंच कमी मिळेल. तेच सिरिंजचं टोक तळाला टेकवून गाळातून ओढलं, तर जास्त. दोन्ही वेळा सिरिंजवर सहाच मिली दिसणार. म्हणून नियम सगळ्या गोळ्यांसाठी एकच ठेवायचा: ढवळायचं, ढवळतानाच मधल्या भागातून ओढायचं आणि लगेच द्यायचं. सिरिंजमध्ये भरून ठेवलेलं औषधही तिथल्या तिथे खाली बसतं. बाळ रडतंय म्हणून दोन मिनिटं थांबलात, तर देण्याआधी सिरिंज दोन-चारदा उलटी-सुलटी करा.

सूत्र एवढंच: हवे असलेले मिलिग्रॅम भागिले गोळीतले मिलिग्रॅम, गुणिले एकूण मिली. झिंकसाठी १० भागिले २०, गुणिले १० म्हणजे ५ मिली. मात्र यातला पहिला आकडा, म्हणजे 'हवे असलेले मिलिग्रॅम', घरी ठरवायचा नाही. तो डॉक्टरांचा. आणि हिशेब करून आलेले मिली एकदा डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला वाचून दाखवा. दशांश चिन्ह चुकलं तर डोस दहापट होतो.

प्रत्येक गोळी अशी द्यायची का?

नाही. पट्टीवर 'डिस्पर्सिबल' असं लिहिलं असेल तरच ती पाण्यात फोडायची. काही गोळ्या तासन्-तास हळूहळू औषध सोडण्यासाठी केलेल्या असतात. काहींवर पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं. त्या पाण्यात फोडल्या तर ती रचनाच मोडते. मोठ्या माणसांची गोळी 'पाव करून' बाळाला देणं हा तर वेगळाच धोका.

गोळी डिस्पर्सिबल आहे, पण भाग करायचा नाही, असंही असतं. लहान मुलांच्या टीबीची गोळी घ्या. तिच्यात तीन औषधं एकत्र असतात: आयसोनायझिड ५० मिलिग्रॅम, रिफाम्पिसिन ७५ आणि पायराझिनामाइड १५०. ही गोळी मुलाच्या वजनाप्रमाणे अख्खी मोजून देतात. ४ ते ७ किलोला एक, ८ ते ११ किलोला दोन, १२ ते १५ किलोला तीन, १६ ते २४ किलोला चार. पाण्यात विरघळवून सगळं पाजायचं, भांडं विसळून तेही पाजायचं. इथे हिशेब पाण्यावर नाही, गोळ्यांच्या संख्येवर आहे. मुलाचं वजन वाढलं की गोळ्या वाढतात, म्हणून दर वेळी वजन करणं महत्त्वाचं.

गोळी खराब झाली आहे हे कसं ओळखायचं? पट्टीचा कप्पा फुगलेला किंवा फाटलेला असेल, गोळीवर डाग असतील, किंवा तीन मिनिटं ढवळूनही गुठळ्या राहत असतील, तर ती गोळी देऊ नका. बदलून घ्या.

पुढे पाव गोळीही येऊ शकते

२० मिलिग्रॅम झिंकची एक तक्रार आशाताई आणि आया दोघींच्या ओळखीची आहे: मूल ओकतं. झिंकला धातूसारखी तुरट चव असते आणि पोटात मळमळतं. याच प्रश्नावर भारत आणि टांझानियात ४,५०० मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना रोज २०, १० किंवा ५ मिलिग्रॅम झिंक १४ दिवस देऊन तुलना केली. जुलाब बरे होण्यात कमी डोस मागे पडला नाही, आणि औषध दिल्यावर अर्ध्या तासात ओकण्याचं प्रमाण मात्र घटलं. २० मिलिग्रॅमला ते साधारण १९ टक्के होतं, ५ मिलिग्रॅमला १४ टक्क्यांच्या आसपास.

याचा अर्थ आजच घरी डोस कमी करा असा नाही. तुमच्या डॉक्टरांनी, आशाताईंनी सांगितलेलंच द्यायचं. पण २० मिलिग्रॅमच्याच गोळीतून कधी ५ मिलिग्रॅम द्यायला सांगितलं, तर रेघ कामाची नाही. दहा मिलीत विरघळवून अडीच मिली, किंवा मोजायला सोपं म्हणून ८ मिलीत विरघळवून २ मिली. पद्धत तीच.

आणि बाळाने औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर तेवढाच डोस त्या दिवशी परत एकदा द्यायचा. त्यानंतर ओकलं तर परत द्यायची गरज नाही. परत दिलेलंही ओकून टाकलं तर आशाताईंना कळवा.

हे दिसलं तर मोजमाप सोडा आणि दवाखाना गाठा

बाळ सुस्त पडलंय, उठवूनही नीट डोळे उघडत नाही. डोळे खोल गेलेत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते. दूध ओढत नाही किंवा प्यायलेलं सगळंच ओकतंय. शीमध्ये रक्त दिसतंय. यातलं एक जरी असेल तरी झिंक किती मिली द्यायचं हा प्रश्न नंतरचा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. वाटेत आईचं दूध चालू ठेवा, आणि बाळ पिऊ शकत असेल तर चमच्याने ओआरएसही.

बाकी दिवसांसाठी एक साधी सोय करा. पट्टीच्या मागे पेनाने तारीख लिहा, रोज डोस दिला की एका कप्प्यावर खूण करा, आणि खाली लिहून ठेवा: '१० मिलीत १ गोळी, ५ मिली द्यायचं, बाकी टाकायचं.' आई शेतात गेली आणि डोस द्यायची वेळ आजीवर आली, तर तिला विचारत बसावं लागणार नाही.